‘मातृछाया’ इंग्रजीत कशी लिहावी: एका घराच्या नावाची तीन स्पेलिंगे आणि पासपोर्टचा अर्ज

प्रश्न: आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. घराचे नाव ‘मातृछाया’. माझ्या आधार कार्डावर ते Matruchaya असे आहे, बँकेच्या पासबुकावर Matru Chhaya आणि वीजबिलावर Matrichhaya. मुलगी वीस वर्षांची आहे, तिच्या पासपोर्टचा अर्ज भरायचा आहे आणि बँकेनेही केवायसी पुन्हा मागितली आहे. कोणते स्पेलिंग खरे धरायचे? की नावाचे सरळ इंग्रजी भाषांतर करून लिहिले तर वाद मिटेल?

उत्तर:

भाषांतराचा मुद्दा आधी संपवतो, कारण त्याचे उत्तर छोटे आहे. घराचे नाव हे विशेषनाम आहे आणि विशेषनामाचे भाषांतर होत नाही. आपल्या मुलीचे नाव छाया असते तर अर्जात तिचे नाव Shadow असे कोणी लिहिले नसते. पत्त्यात भाषांतर होते ते केवळ जागा दाखवणाऱ्या शब्दांचे, म्हणजे जवळ, समोर, मागे, तालुका, जिल्हा यांचे, आणि त्यांच्यासाठी Near, Opp, Behind, Tal, Dist हे शब्द ठरलेले आहेत. खेड्यातील पत्त्यातले ‘मु. पो.’ हे At Post होते. घर, कॉलनी, वाडा, मळा, देऊळ यांची नावे मात्र जशी बोलली जातात तशीच रोमन अक्षरांत उतरवायची असतात, म्हणून Near Datta Mandir लिहावे, Datta Temple लिहू नये, आणि शिक्षक कॉलनीची Teachers Colony करू नये. धुळ्याच्या जुन्या गावातील क्रमांकाच्या गल्ल्यांबाबत थोडी अडचण येते, कारण तेथे Galli No 4 आणि Lane No 4 ही दोन्ही रूपे कागदोपत्री रुळली आहेत. अशा ठिकाणी आधारवर जे आहे तेच पुढे चालवावे आणि त्यावर विचार करीत बसू नये.

आता खरा प्रश्न. आपल्याकडे जी तीन स्पेलिंगे आहेत त्यांपैकी एकही निष्काळजीपणाने झालेले नाही, आणि ती कशी झाली हे समजले की पुढे काय करायचे ते आपोआप ठरते.

‘मातृछाया’ या शब्दात अडचणीच्या दोन जागा आहेत. पहिली ‘तृ’. मराठी माणूस ऋकाराचा उच्चार ‘रु’ असा करतो म्हणून कृपा Krupa होते आणि मातृ Matru होते; हिंदी भाषक त्याच अक्षराचा उच्चार ‘रि’ करतो म्हणून त्याच्या हातून Kripa आणि Matri उतरते. आपल्या वीजबिलावरचे Matrichhaya हे बहुधा हिंदीच्या वळणाने लिहिणाऱ्या कोणाच्या हातून गेले असावे. दुसरी जागा ‘छ’. इंग्रजीत ‘च’साठी ch वापरले की ‘छ’साठी chh वापरावे लागते, पण तीन व्यंजने ओळीने लिहिताना पुष्कळांना ती चूक वाटते आणि ते एक h गाळतात, म्हणूनच छाया हे बाईमाणसाचे नावसुद्धा Chaya आणि Chhaya असे दोन्ही प्रकारे लिहिलेले सर्रास दिसते. त्यात भर म्हणजे मूळ मराठीतही एकवाक्यता नाही. संस्कृत संधीच्या नियमाने हा शब्द ‘मातृच्छाया’ असा होतो आणि संगमरवरी पाटीवर कोरणारे कारागीर कधी हे रूप कोरतात तर कधी साधे ‘मातृछाया’. पाटीवर ‘च्छ’ असेल आणि भरणारा काटेकोर असेल तर Matruchchhaya असे चौथे रूपही निघू शकते. आपल्या पाटीवर काय कोरले आहे ते एकदा बाहेर जाऊन बघून यावे. बहुतेक घरमालकांना ते आठवत नाही.

खान्देशात हा गोंधळ इतर ठिकाणांपेक्षा अधिक होतो, असे माझे बँकेच्या शाखेतील इतक्या वर्षांच्या कामावरून मत झाले आहे, आणि त्याचे कारण आपला भूगोल आहे. नंदुरबारच्या बाजूची कुटुंबे कामधंद्यासाठी सुरतेला असतात, रावेर आणि शिरपूरच्या बाजूची बऱ्हाणपूर-इंदूरशी जोडलेली असतात, आणि एकाच कुटुंबाची कागदपत्रे तीन भाषांच्या कारकुनांच्या हातांखालून जातात. ‘ज्ञानदीप’ नावाचे घर घ्या. मराठी वळणाने ते Dnyandeep, हिंदी वळणाने Gyandeep आणि गुजराती वळणाने Gnandeep. तिन्ही आपापल्या जागी बरोबरच आहेत, पण संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी घरे आहेत. अहिराणी कानाचीही एक गंमत असते. आपल्याकडे डोळ्याला ‘डोया’ आणि काळ्याला ‘काया’ म्हणतात, म्हणून ‘ळ’ असलेले घराचे नाव तोंडी सांगितले आणि लिहिणारा बाहेरगावचा असला तर ‘ळ’च्या जागी y पडतो. लेखी चिठ्ठी न देता तोंडी पत्ता सांगणे हेच निम्म्या चुकांचे मूळ आहे.

रोमन लिपीत मराठी लिहिण्याची शास्त्रशुद्ध पद्धत नाही असे नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर गावांची नावे हंटेरियन पद्धतीने लिहिली जातात आणि तिच्या पूर्ण रूपात दीर्घ स्वरांवर आडवी रेघ असते. पण बँकेच्या किंवा पासपोर्टच्या अर्जात त्या रेघेला जागा नाही, त्यामुळे दीर्घ ‘आ’ दाखवण्यासाठी लोक aa लिहू लागतात आणि Maatruchhaayaa असे काहीतरी तयार होते. माझा सल्ला असा की घराच्या नावात aa, ee, oo यांचा मोह शक्यतो टाळावा. Matru वाचून कोणीही मराठी माणूस ‘मातृ’च म्हणतो, दुसरा a घालून वाचणाऱ्याला मदत होत नाही, मात्र पुढच्या अर्जात तो राहून जाण्याची शक्यता तेवढी वाढते.

घर नवे असते आणि कोठलाच कागद झालेला नसता, तर मी आपल्याला Matruchhaya हे रूप सुचवले असते: मराठी वळणाचा ru, ‘छ’साठी chh, आणि सगळे एका शब्दात. पण आपले कागद झालेले आहेत, म्हणून माझे उत्तर वेगळे आहे. आपण Matruchaya हेच कायम करावे, कारण ते आधारवर आहे. त्यात एक h कमी आहे हे मला दिसते, तरीही. शुद्धलेखनाच्या दृष्टीने उजवे स्पेलिंग एका कागदावर असण्यापेक्षा थोडे डावे स्पेलिंग सगळ्या कागदांवर सारखे असणे अधिक उपयोगी आहे, आणि ज्या नावाचे Chaya हे रूप समाजात रुळलेले आहे ते दुरुस्त करण्यासाठी आधारपासून सुरुवात करण्याचे कारण नाही.

याला एक अट आहे. आधारवर पत्ता इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही लिपींत असतो आणि पत्ता इंग्रजीत टंकला की मराठी ओळ यंत्र आपणहून तयार करते. यंत्राला आपल्या घराचे नाव माहीत नसते, ते अक्षराला अक्षर लावते. म्हणून Matruchaya वरून ‘मात्रुचया’ किंवा ‘मत्रुचाया’ असे काहीही उतरलेले असू शकते, आणि भरताना ती ओळ कोणी वाचत नाही. कार्ड हातात घेऊन मराठी ओळ वाचा. तेथे ‘मातृछाया’ असेल तर काहीच करायचे नाही. तेथे ओळखू न येणारे काही असेल तर आधार दुरुस्तच करावे लागेल, आणि एकदा दुरुस्ती करायचीच आहे तर मग chh घालून Matruchhaya करून घ्या. दुरुस्तीच्या पानावर मराठी ओळ हाताने बदलता येते. ती बदलून झाल्यावरच पुढे जावे.

स्पेलिंग पुरेसे चांगले आहे की नाही हे ओळखण्याची माझी एक साधी पद्धत आहे. केवळ रोमन अक्षरे कागदावर लिहून घर न पाहिलेल्या माणसाला द्यावीत आणि मोठ्याने वाचायला सांगावे, मग जे ऐकू आले ते दुसऱ्याला मराठीत लिहायला सांगावे. मूळ नाव परत आले तर स्पेलिंग टिकाऊ आहे. Matruchaya या परीक्षेत उतरते, Matrichhaya हिंदी भाषकाकडे उतरते पण मराठी माणूस क्षणभर अडखळतो, आणि Mtruchaya असले टंकनदोषाचे रूप कोणाकडेच उतरत नाही.

आता आपल्या प्रश्नातील एक जागा, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण ‘माझ्या आधार कार्डावर’ असे लिहिले आहे, पण पासपोर्ट मुलीचा आहे. ती सज्ञान आहे, म्हणून तिच्या अर्जाला तिचा पुरावा लागेल, आणि तिचे आधार कदाचित वेगळ्या वेळी, वेगळ्या केंद्रावर, वेगळ्या माणसाने भरलेले असेल. घरातील सगळी आधार कार्डे आज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडा आणि घराच्या नावाची ओळ तेवढी वाचा. चार कार्डांवर चारही ठिकाणी सारखे स्पेलिंग निघालेले घर मी फार थोडे पाहिले आहे. मुलीचे वेगळे निघाले तर ते दुरुस्त करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता घेणे. ही सोय जानेवारी २०२३ पासून ऑनलाइन उपलब्ध आहे: मुलगी तिच्या लॉगिनमधून विनंती करते, कुटुंबप्रमुखाचा आधार क्रमांक देते आणि नात्याचा पुरावा जोडते, आपण ३० दिवसांच्या आत आपल्या लॉगिनमधून संमती द्यायची असते. या मार्गाचा खरा फायदा असा की पत्ता कोणी पुन्हा टंकत नाही, आपल्या नोंदीतला तोच तिच्याकडे जातो, आणि म्हणून अक्षर इकडचे तिकडे होण्याची जागाच राहत नाही. अर्थात आपल्या नोंदीत चूक असेल तर तीही तशीच जाईल, म्हणून आधी आपले तपासावे, मग तिचे.

या कामांचा क्रम आधार, मग बँक, मग पासपोर्ट असाच ठेवावा. पासपोर्टवरचा पत्ता शेवटच्या पानावर छापला जातो आणि त्यातील चूक खोडून दुरुस्त करता येत नाही. पत्ता बदलायचा म्हणजे पासपोर्ट पुन्हा काढण्याचा अर्ज करावा लागतो. सज्ञान व्यक्तीचा पासपोर्ट १० वर्षे चालतो, म्हणजे आज घाईने घातलेले स्पेलिंग १० वर्षे पुरावा म्हणून पुढे येत राहील. ज्या कागदावर दुरुस्ती सर्वांत महाग, तो कागद सर्वांत शेवटी.

बँकेत केवायसीचा अर्ज भरताना पूर्वीच्या नोंदीत बदल नाही असे सांगणारा रकाना असतो आणि लोक सवयीने तेथे खूण करतात. आपण तसे करू नये. Matru Chhaya हे रूप बदलायचे आहे, म्हणून पत्त्यात बदल आहे असे दाखवून आधारप्रमाणे पूर्ण पत्ता नव्याने लिहावा आणि आधारची प्रत जोडावी. अर्जात एका चौकटीत एक अक्षर असते. Matruchaya ची दहा अक्षरे सलग दहा चौकटींत लिहावीत आणि मध्ये रिकामी चौकट सोडू नये, कारण आपल्या जुन्या नोंदीत शब्द तुटला तो नेमका याच कारणाने असणार. मराठीत जो शब्द जोडून आहे तो रोमनमध्येही जोडूनच ठेवावा, जोडरेघसुद्धा घालू नये. मोठी लिपी, पूर्णविराम, स्वल्पविराम यांत फरक पडला तर कोणी अडवत नाही. अवतरणचिन्हे मात्र घालू नयेत, कारण काही प्रणाली ती स्वीकारत नाहीत आणि काहींमध्ये त्यांच्या जागी भलतेच चिन्ह छापले जाते. ही नोंद नीट होणे का महत्त्वाचे, तर बँक ती केंद्रीय केवायसी नोंदवहीत पाठवते, तेथे १४ अंकी क्रमांक मिळतो, आणि पुढे दुसरी बँक किंवा म्युच्युअल फंड तोच पत्ता तेथून उचलतात. एकदा तेथे Matru Chhaya गेले की ते आपण कोठे कोठे शोधणार?

आमच्याच नात्यात एका घराचे नाव ‘सावली’ आहे. थोरल्याने बँकेत Savali लिहिले, धाकट्याने Sawali, आणि सुनेने नोकरीच्या ठिकाणी Savli. पोस्टमनला यांपैकी कशानेच फरक पडला नाही, तो त्या गल्लीत वीस वर्षे येत होता. अडचण आली ती दोघा भावांनी संयुक्त खाते उघडायचे ठरवले तेव्हा. शाखेतल्या नव्या अधिकाऱ्याला दोन पुराव्यांवर दोन घरे दिसली, प्लॉट क्रमांक एकाच्याच आधारवर होता, आणि हे घर एकच आहे हे पटवून देण्यासाठी दोघांना दोन खेपा घालाव्या लागल्या. त्या अधिकाऱ्याची मला चूक वाटत नाही. प्लॉट क्रमांक दोन्हीकडे असता तर v की w या प्रश्नाकडे त्याने पाहिलेही नसते.

त्यामुळे घराचे नाव कितीही जपले तरी ते क्रमांकाची जागा घेऊ शकत नाही, हे ध्यानात ठेवावे. शहरात प्लॉट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, गावात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरील मिळकत क्रमांक, हा नावाच्या आधी आलाच पाहिजे. एका कॉलनीत दोन ‘मातृछाया’ असणे अगदी शक्य आहे, पण दोन प्लॉट नंबर १४ नसतात.

आपला पत्ता मी खालीलप्रमाणे बसवीन. प्लॉट क्रमांक आणि कॉलनी ही मी उदाहरणादाखल घेतली आहेत, ती आपली घालावीत.

```
Plot No 14, Matruchaya
Shikshak Colony, Near Datta Mandir
Deopur, Dhule
Dist Dhule, Maharashtra 424002
```

क्रमांक आणि घराचे नाव सर्वांत पुढे ठेवण्यामागे कारण आहे. प्रत्येक रकान्यात अक्षरांची मर्यादा असते आणि छापताना ओळ लांब झाली तर शेपूट कापले जाते. तेव्हा कापले जायचेच असेल तर Near Datta Mandir कापले जावे, प्लॉट क्रमांक नव्हे. पासपोर्टच्या ऑनलाइन अर्जात घर क्रमांक आणि रस्ता यांचा एकच रकाना आहे, त्यात पहिल्या दोन ओळी आणि Deopur येते. गाव किंवा शहर, जिल्हा, पोलीस ठाणे, राज्य, पिन यांचे रकाने वेगळे आहेत. Dhule हे त्या पहिल्या रकान्यात पुन्हा लिहू नये, जागा वाया जाते. आधारच्या पत्त्यात सुरुवातीला C/O आणि वडिलांचे नाव असते, तेही पत्त्याचा भाग समजून उतरवू नये.

देवपूर हे Deopur आणि Devpur असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. तेथेही आधारवरचेच ठेवावे. पोलीस ठाण्याचे नाव मात्र आपण लिहीत नाही, जिल्हा निवडल्यावर आलेल्या यादीतून निवडतो, म्हणून ते यादीत ज्या स्पेलिंगने असेल त्याच्याकडे दुर्लक्ष करून योग्य ठाणे कोणते तेवढे पाहावे. देवपुरात ही काळजी जास्त घ्यावी लागते, कारण देवपूर आणि पश्चिम देवपूर अशी दोन ठाणी आहेत. चुकीचे ठाणे निवडले तर पडताळणीचा कागद दुसऱ्याच ठाण्यात जातो आणि तेथून परत फिरण्यात दिवस जातात. घराच्या नावातील एका h ने आजवर मी कोणाची पडताळणी अडलेली पाहिली नाही, ठाण्याच्या चुकीने अडलेल्या पुष्कळ पाहिल्या आहेत. शंका असेल तर शेजाऱ्याला विचारण्यापेक्षा ठाण्यातच जाऊन आपली कॉलनी कोणाच्या हद्दीत येते ते विचारावे.

पिन कोडही असाच. देवपूरचा पिन ४२४००२ आहे, धुळे शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाचा ४२४००१, आणि सवयीने अनेक जण दुसराच लिहितात. पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि पोचला नाही तर पासपोर्ट कार्यालयात परत जातो, म्हणून तो क्रमांक आपल्या टपाल कार्यालयाशी ताडून घ्यावा.

कायमचा पत्ता गावाकडचा असेल, तर आपल्या मराठी कागदांवर ‘रा.’ आणि ‘ह. मु.’ अशी जोडी असते. ‘ह. मु.’, म्हणजे हल्ली मुक्काम, तो सध्याच्या पत्त्याच्या रकान्यात आणि ‘रा.’ कायमच्या पत्त्याच्या. हे दोन पत्ते एका ओळीत मिसळलेले मी पाहिले आहेत. गावाच्या नावाचे स्पेलिंगही आपल्या मनाने ठरवू नये: भुसावळ रेल्वेच्या पाटीवर Bhusaval आहे आणि इतर कागदांवर Bhusawal सुद्धा दिसते. यादीतून निवडायचे असेल तेथे यादीतले, हाताने लिहायचे असेल तेथे आधारवरचे.

राहिले वीजबिल. ते Matrichhaya आहे म्हणून अस्वस्थ होण्याचे कारण नाही, फक्त ते पासपोर्टच्या किंवा बँकेच्या अर्जाला जोडू नका. आधारवर पत्ता बरोबर असताना दुसरा पुरावा कोणी मागत नाही, आणि न मागितलेला कागद जोडला की त्यातील फरक मात्र दिसतो. बँकेत वीजबिल चालते ते ओळखपत्रावर चालू पत्ता नसेल तेव्हाच, तेही दोन महिन्यांपेक्षा जुने नसेल तर, आणि त्यानंतर तीन महिन्यांत चालू पत्त्याचे ओळखपत्र द्यावेच लागते. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात दुसऱ्या कोणत्या कामासाठी जाणे होईल तेव्हा आधारची प्रत बरोबर न्यावी आणि घराच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज त्याच खेपेत देऊन यावा.